स्टॉप-लॉसची रेघ तुम्ही कोणत्या बाजूला सरकवता?

प्रश्न: नोकरी करतो, भांडवल थोडंच आहे. डे ट्रेडिंग, स्विंग की पोझिशन ट्रेडिंग, आपल्या स्वभावाला काय जमेल हे कसं ओळखायचं?

नोकरी आणि डे ट्रेडिंग एकत्र करू नका. तुमच्या प्रश्नातला वेळेचा भाग माझ्या लेखी इथेच मिटला. भांडवल आणि स्वभावाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण त्याची किंमत मी मोजली आहे आणि माझ्या थोरल्या भावाशी यावरून माझा चार वर्षं वाद चालू आहे.

दादा पूर्णवेळ डे ट्रेडिंग करतो. त्याचं एकच म्हणणं: "दिवस संपला की सौदा संपला. रात्री काय बातमी येईल याची चिंता नाही. शिवाय ब्रोकरकडून मार्जिन, म्हणजे सौद्यापुरती उधारी मिळते, म्हणून कमी भांडवलवाल्याने डे ट्रेडिंगच करावं." मी त्याचं ऐकून सुरुवात केली. तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम करत होते. सकाळचे नमुने लावले की मशीनचं चक्र पूर्ण होईपर्यंत थोडी उसंत मिळायची, तेवढ्यात ट्रेडिंग होईल असं मला वाटलं.

खात्यात एक लाख होते. नियम ठरवला होता की एका सौद्यात एक टक्क्याहून जास्त, म्हणजे एक हजाराहून जास्त गमवायचं नाही. एका शेअरचा भाव ५०० होता, स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आपोआप विकायचा भाव, ४९७ वर. शेअरमागे तीनचा धोका, म्हणून ३३३ शेअर घेतले. हिशोब अगदी बरोबर होता. पण ३३३ गुणिले ५०० म्हणजे १,६६,५०० चा सौदा. खात्यात होते त्यापेक्षा कितीतरी जास्त, वरचं सगळं ब्रोकरच्या मार्जिनवर. डे ट्रेडिंगमध्ये हे असंच होतं. स्टॉप जवळ असतो म्हणून संख्या फुगते, आणि सौदा दिवसात मिटतो या एका भरवशावर ती फुगलेली संख्या चालून जाते.

भाव ४९७.४० ला आला तेव्हा मी बेसिनपाशी उभी होते. एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्या हातात फोन. चार्टवर स्टॉपची लाल रेघ असते, ती बोटाने ओढता येते. मी ती ४९५.५० वर ओढली. मनात म्हटलं, जरा श्वास घ्यायला जागा देऊ. पाच मिनिटांनी ४९३ वर नेली. मग नमुन्यांची पुढची फेरी आली, रेघ काढूनच टाकली आणि कामाला लागले. बाजार बंद व्हायच्या थोडं आधी पाहिलं तर भाव ४९१. तोटा तीन हजारांच्या घरात, ठरवलेल्याच्या तिप्पट. ब्रोकर इंट्राडे सौदे आपोआप कापायच्या आत मी बचत खात्यातून सत्तरेक हजार आणले आणि सौदा डिलिव्हरीत बदलून घेतला, म्हणजे पूर्ण पैसे भरून शेअर स्वतःकडे ठेवले. "कंपनी चांगली आहे, दोन-चार दिवसांत वर येईल," असं स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी कंपनीचे तिमाही निकाल होते. ती तारीख मी पाहिलीच नव्हती, कारण डे ट्रेडिंगमध्ये ती पाहायची गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशी भाव ४५२ वर उघडला. एका रात्रीत तोटा सोळा हजारांवर. तेव्हाही विकलं नाही, आता हा लाँग टर्मचा शेअर झाला म्हणून धरून बसले. दोन महिन्यांनी ४१८ ला विकला. एकूण तोटा २७,३०६. ठरवलेला होता एक हजार.

म्हणजे एकाच सौद्यात मी सकाळी डे ट्रेडर होते, संध्याकाळी काही दिवस थांबणारी स्विंग ट्रेडर आणि आठवड्याभरात महिनोन्महिने धरून बसणारी पोझिशन ट्रेडर. संख्या मात्र सकाळचीच राहिली. सगळं नुकसान त्या संख्येने केलं.

हाच शेअर मी पहिल्यापासून स्विंग म्हणून घेतला असता तर काय झालं असतं ते बघा. स्विंगचा स्टॉप रोजच्या हेलकाव्याच्या बाहेर ठेवावा लागतो. समजा ४७५, म्हणजे २५ खाली. एक हजार भागिले २५, शेअर ४०. सौदा वीस हजारांचा, मार्जिनची गरजच नाही. निकालाचा तोच दणका बसला असता, भाव ४५२ वर उघडला असता आणि स्टॉप ४५२ च्या आसपास सुटला असता, कारण मधल्या भावाला सौदेच झाले नाहीत. तोटा १,९२० च्या आसपास. एक टक्क्याऐवजी दोन टक्के गेले असते. वाईट वाटलं असतं, पण दुसऱ्या दिवशी कामावर नीट लक्ष लागलं असतं. आणि पोझिशन ट्रेडिंगसाठी स्टॉप शंभर खाली ठेवला असता, तर शेअर फक्त १० घेतले असते आणि त्या ४५२ ने सौद्याला धक्काही लागला नसता.

म्हणून "भांडवल कमी म्हणून डे ट्रेडिंग" हे दादाचं म्हणणं मला उलटं वाटतं. स्टॉप जितका लांब, तितका सौदा लहान. कमी भांडवलात मोठ्या मुदतीचा सौदा उलट जास्त सहज बसतो. फक्त नफाही सावकाश येतो, आणि लोकांना नेमकं तेच नको असतं.

दुसरं, खर्च. दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक मिळून एका पूर्ण इंट्राडे सौद्याला उलाढालीच्या ०.१ टक्का धरा. १,६६,५०० वर ते १६६ होतात. दिवसाला दोन सौदे, महिन्याला चाळीस, म्हणजे साडेसहा हजारांच्या वर. एक लाखाच्या भांडवलावर दर महिन्याला साडेसहा टक्के कमावले तर तुम्ही शून्यावर. स्विंगमध्ये खर्चाचा दर तिप्पट धरला तरी वीस हजारांच्या सौद्याला साठ लागतात, आणि महिन्यात पाच-सहाच सौदे होतात. रात्रीच्या बातमीचा धोका संख्या कमी करून आवरता येतो. हा खर्च तसा आवरता येत नाही, संख्या घटली की नफाही त्याच प्रमाणात घटतो. दादाने या मुद्द्याला आजवर उत्तर दिलेलं नाही. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू केलेल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात ३०० हून जास्त दिवस चिकटून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात होते. चार दिवसांत सोडून गेलेल्यांची ही गोष्ट नाही, टिकून राहिलेल्यांची आहे.

आता स्वभाव. "धाडसी असाल तर डे, भित्रे असाल तर पोझिशन" असं सगळीकडे सांगतात, ते मला पटत नाही. तुमच्या हातून कोणती चूक पुन्हा पुन्हा होते ते शोधा. सगळ्यात कमी संख्येत तीस सौदे करा आणि प्रत्येकाचं वहीत लिहा: घेताना ठरवलेला स्टॉप आणि लक्ष्य, प्रत्यक्षात कुठे बाहेर पडलात, आणि मधे रेघ हलवली असेल तर कोणत्या बाजूला. भाव आपल्या बाजूने गेल्यावर स्टॉप वर आणणं हा सौदा सांभाळण्याचा भाग आहे, ते मोजू नका. बाकीचं मोजा.

तोट्यात असताना रेघ खाली ओढत असाल, तर डे ट्रेडिंग तुमच्यासाठी नाही. तिथे चूक काही सेकंदांत मान्य करावी लागते, तीही मोठ्या संख्येवर. मी याच गटातली. अशा माणसाने बाजार बंद असताना निर्णय घ्यावा, स्टॉप आणि लक्ष्य दोन्ही ऑर्डर आधीच लावाव्यात आणि दिवसा ॲप उघडू नये. मी आता तेच करते. बाजार संपल्यावर अर्धा-पाऊण तास पुरतो.

रेघ हलवत नाही पण थोडा नफा दिसला की विकून मोकळे होत असाल, तर पोझिशन ट्रेडिंग तुम्हाला सोसणार नाही. तिथे आठवड्याला तासभर दिला तरी चालतं, म्हणून नोकरदारांना ते सगळ्यात सोपं वाटतं. पण भाव २०० दिवसांच्या सरासरी भावाखाली गेल्यावर विकायचं असं ठरवलंत, तर तीस टक्क्यांचा नफा डोळ्यांदेखत बारा टक्क्यांवर येतो आणि तोवर काहीही न करता बसायचं असतं. मी सहा महिने करून पाहिलं. बारा टक्के हातात पडूनही चडफडत होते. म्हणून परत स्विंगवर आले, काही दिवस ते काही आठवड्यांचे सौदे, त्यात माझा जीव रमतो.

आणि वहीत दोन्ही चुका नाहीत, दिवसभर मोकळे आहात, शिवाय सलग दहा तोटे खाऊनही घरखर्चाला धक्का लागणार नाही इतकी गंगाजळी आहे, तर डे ट्रेडिंग करून पाहा. अशी माणसं असतात.

हे सगळं मी थेट शेअर घेण्या-विकण्याबद्दल लिहिलं आहे. ऑप्शन्सचं गणित वेगळं, तिथे वेळ गेला तसा भाव झिजतो. स्विंगमध्येही एकाच क्षेत्रातले पाच शेअर घेतलेत तर एक-एक टक्क्याचे पाच धोके एकाच दिवशी फुटू शकतात, तेव्हा ते एकच समजा. निकालाची तारीख खरेदीआधी बघाच. ती चार दिवसांवर असेल तर मी आता सौदाच घेत नाही. कर्जाचे पैसे यातल्या कशालाच लावू नका.

दादाबद्दल एक सांगायला हवं. तो स्टॉप हलवत नाही. त्याच्याशेजारी बसून मी ते पाहिलं आहे: भाव रेघेला टेकतो, सौदा कापला जातो, त्याचा चेहरा हलत नाही. तो स्वभाव त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. माझं भांडण एवढंच की त्याने तो मला आणि प्रत्येक नवशिक्याला असलाच पाहिजे असं धरून सल्ला दिला. त्या एका तोट्याच्या भीतीतून मी हे लिहीत नाहीये, त्यालाही तेच सांगितलं. मागच्या शंभर सौद्यांचा खर्च वजा जाता हिशोब मी त्याच्याकडे मागितला आहे. तो म्हणाला, "काढून देतो." आला की याच उत्तराखाली लिहीन, आकडा त्याच्या बाजूचा असला तरी.