वडिलांची मुदत घ्याल, तर वडिलांची किंमतही घ्या

प्रश्न : "वडील फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. रामबागेतलं घर माझ्या आणि बहिणीच्या नावावर झालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही ते ९६ लाखांना विकलं. रजिस्ट्रीवर दोघांच्या सह्या आहेत. जागा वडिलांनी १९८४ मध्ये २२ हजारांत घेतली होती. आमच्याकडे घर दोन वर्षंही नव्हतं. वडील गेले तेव्हाची किंमत ८५ लाख धरली तर नफा फक्त ११ लाख, आणि टॅक्स त्यावरच, बरोबर ना? पैसे सगळे माझ्या खात्यात आले आहेत, बहिणीचा वाटा नंतर देईन." — एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. आणि हा हिशोब सौदा करण्याआधी कुणाला तरी दाखवला असता, तर पुढची निम्मी धावपळ वाचली असती. दर महिन्याला असंच एखादं पत्र येतं आणि प्रत्येकात चूक तीच असते : वारसाला घर मिळालं त्या दिवसापासून घड्याळही नवं आणि किंमतही नवी, असं गृहीत धरलेलं.

आयकर कायद्याच्या कलम २(४२अ)प्रमाणे तुमच्या मुदतीत वडिलांची मुदत मिळवायची. म्हणजे घर १९८४ पासून तुमच्याकडेच होतं असं धरलं जातं, आणि चोवीस महिन्यांची अट कधीच ओलांडलेली असल्यामुळे हा नफा दीर्घ मुदतीचा. इथपर्यंत वारस खुशीत असतात. पण कलम ४९(१) लगेच सांगतं की किंमतसुद्धा त्याचीच धरायची, ज्याने पैसे मोजून ती जागा शेवटची विकत घेतली. वडिलांना ती आजोबांकडून आली असती, तर आजोबांपर्यंत मागे गेलो असतो. तुमच्या ८५ लाखांना यात कुठेच जागा नाही. वडील गेल्या दिवसाची किंमत नामांतरणाच्या फाईलमध्ये असेल तर तिथेच राहू द्या, रिटर्नमध्ये आणू नका.

मग २२ हजारच धरायचे का? नाही, आणि तुमच्या प्रकरणात सगळं ठरतं ते इथेच. जागा १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्यामुळे कलम ५५(२) तुम्हाला त्या दिवसाची बाजारकिंमत घ्यायची मुभा देतं. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याला एक झाकण बसलं आहे : त्या दिवसाची स्टॅम्प ड्युटीची किंमत, म्हणजे आपल्याकडची कलेक्टर गाईडलाईन उपलब्ध असेल, तर त्यापेक्षा जास्त किंमत धरता येत नाही. व्हॅल्युअर १६ लाख लिहून देईल आणि गाईडलाईनप्रमाणे १३ लाखच निघतील, तर १३ लाखच. जुन्या सवयीचे व्हॅल्युअर हे झाकण विसरतात. अहवाल घेताना त्यांना आधी गाईडलाईनचा कागद हातात द्या.

हा कागद जिल्हा पंजीयकांच्या कार्यालयात अर्ज करून मिळवायचा : २००१-०२ सालची तुमच्या वॉर्डाची गाईडलाईन, प्रमाणित प्रत. नुसता जमिनीचा दर आणू नका, बांधकामाचा दरही मागा. मुख्य रस्त्याला लागून आणि आतल्या गल्लीत दर वेगळा असू शकतो, म्हणून मूळ रजिस्ट्रीतल्या चतुःसीमा सोबत न्या. पंचवीस वर्षांपूर्वीचं बाड शोधायला तिथे वेळ लागतो, हेलपाटेही होतात. म्हणून जुलैची वाट पाहू नका.

आता समजा, जमीन आणि बांधकाम मिळून गाईडलाईन खरंच १३ लाख निघाली. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दर साडेबारा टक्के आहे, महागाईची वाढ न देता. ९६ लाखांतून १३ वजा केले की ८३ लाख उरतात आणि कर होतो १०,३७,५००. पण त्या तारखेआधीची जमीन किंवा इमारत असेल आणि विकणारा निवासी भारतीय असेल, तर महागाईची वाढ देऊन वीस टक्के या जुन्या पद्धतीपेक्षा जास्त कर घेता येत नाही. २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६, २००१-०२ चा १००. तेव्हा १३ लाखांचे ४८.८८ लाख झाले, नफा ४७.१२ लाख, वीस टक्क्यांनी कर ९,४२,४००. तुम्हाला जुनी पद्धत फायद्याची. प्रत्येकी ४,७१,२०० आणि वर चार टक्के सेस. २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी ढोबळ कसोटी अशी की विक्रीची रक्कम २००१ च्या किमतीच्या सुमारे ८.३६ पटींपेक्षा कमी असेल तर जुनी पद्धत बरी, जास्त असेल तर नवी. झाकण विसरून १६ लाख धरले, तर कागदावर कर सव्वादोन लाखांनी कमी दिसेल आणि तपासणीत तेवढाच व्याजासकट परत मागितला जाईल.

जुन्या पद्धतीत वाढ २००१ पासून द्यायची की तुम्हाला घर मिळालं तेव्हापासून, यावर विभागाने बरीच वर्षं भांडण केलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शहा प्रकरणात मूळ मालकाच्या वर्षापासून वाढ द्यायची असं ठरवलं. तो निकाल इंदूरला बंधनकारक नाही, पण आधार म्हणून भक्कम आहे आणि मी त्यावरच हिशोब मांडला आहे.

२००१ नंतर वर एखादी खोली बांधली असेल तर तिचा खर्च वेगळा मिळवता येईल, पण बिलं आणि नगर निगमचा मंजूर नकाशा असेल तरच. दलाली वजा होते. नामांतरणाच्या खर्चावर वाद आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. विक्रीच्या दिवशीची गाईडलाईन ९६ लाखांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कायदा गाईडलाईनची रक्कमच विक्री धरतो. रजिस्ट्रीवर तो आकडा असतोच, आजच बघा.

सगळे पैसे तुमच्या खात्यात आले, हा दुसरा निष्काळजीपणा. ५० लाखांवरच्या सौद्यात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे ९६ हजार. तो सगळा तुमच्याच पॅनवर जमा झाला असेल, तर विभागाला सगळी विक्री तुमचीच दिसेल आणि बहिणीच्या रिटर्नमध्ये तिचा टीडीएस सापडणार नाही. खरेदीदाराला सांगून त्याने भरलेल्या टीडीएसच्या 26QB फॉर्ममध्ये दुरुस्ती करून घ्या. ती फक्त त्यालाच करता येते, आणि त्याचा तुमच्याशी संबंध संपला की तो फोन उचलत नाही. बहिणीचा वाटाही "नंतर" नको. बँकेतून तिच्या खात्यात टाका आणि वर्णनात घराच्या विक्रीतला हिस्सा असं लिहा.

आगाऊ कराचा डिसेंबरचा हप्ता गेला, त्याचं थोडं व्याज लागेल. १५ मार्चचा चुकवू नका. कर वाचवायचा असेल तर कलम ५४ईसीचे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात, प्रत्येकाला ५० लाखांपर्यंत आणि पाच वर्षं अडकवून. तुमची मुदत मे २०२६ मध्ये संपते, आणि ती कुणी वाढवून देत नाही. नवं घर घ्यायचं असेल तर दोन वर्षं मिळतात, पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते, साध्या एफडीत नाही. दोघांनी आपापल्या हिश्श्याचा निर्णय वेगळा घेतला तरी चालतं.