消息免打扰 मधला 免 म्हणजे काय?

प्रश्न: "चीनमध्ये शिकतोय, वर्गाचा वीचॅट ग्रुप दिवसभर वाजत असतो. सेटिंग्जचं पान सगळं चिनीत आहे. आवाज बंद करायचाय पण ग्रुप सोडायचा नाही. 消息免打扰 हेच का ते? त्यातला 免 म्हणजे नक्की काय?"

हो, हेच. 消息 म्हणजे मेसेज, 打扰 म्हणजे व्यत्यय आणणं, त्रास देणं, आणि 免 ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'माफ', म्हणजे आपण फी माफ, कर माफ म्हणतो ना तसा. 免费 म्हणजे फुकट (फी माफ), विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानावर 免税 असतं ते करमाफ, त्याच चालीवर 免打扰 म्हणजे त्रास माफ. इथे लक्षात घ्या की माफी त्रासाला आहे, मेसेजला नाही, मेसेज येतच राहतात फक्त फोन वाजत नाही.

आता पानावर शोधायचं कसं, तर ग्रुप उघडून वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, 聊天信息 नावाचं पान येईल, वर सगळ्यांचे फोटो, खाली यादी. 消息免打扰 पुढे सरकवायचं बटण असतं, चालू केलं की हिरवं होतं. त्याच्याच खाली 置顶聊天 असतं, ते ग्रुप यादीत सगळ्यात वर पिन करतं, चुकून दाबलं गेलं तरी बिघडत काही नाही, परत दाबायचं.

जपायचं ते पानाच्या अगदी तळाला. तिथे लाल अक्षरात 退出群聊 असतं (जुन्या व्हर्जनमध्ये 删除并退出). यातलं 出 तुम्ही मेट्रो स्टेशनात 出口 वर रोज बघत असाल, बाहेर पडायचा रस्ता! म्हणजे 退出 दिसलं की ग्रुप सोडणं. 群聊 ला घाबरू नका, तो नुसता 'ग्रुप चॅट', वर ग्रुपच्या नावाच्या ओळीतही 群聊名称 असा आहेच. चुकून दाबलंच तर ॲप आधी विचारतं, तिथे 取消 म्हणजे रद्द. लाल ओळीच्या आसपास 清空聊天记录 पण असतं, त्याने ग्रुप सुटत नाही पण तुमच्या फोनवरचं त्या ग्रुपचं सगळं जुनं बोलणं पुसलं जातं, म्हणून तेही नको.

म्यूट झालं का हे चॅटच्या यादीत कळतं, ग्रुपच्या ओळीत काट मारलेली घंटी दिसते आणि नवीन मेसेज आला की फोटोवर आकड्याऐवजी नुसता लाल ठिपका येतो. वर्गाचा ग्रुप आहे म्हणून एक सांगतो, कोणी तुमचं नाव घेऊन लिहिलं तर त्या ओळीत लाल रंगात [有人@我] येतं, 有人 म्हणजे कोणीतरी, 我 म्हणजे मी. तेवढं दिसलं की ग्रुप उघडा.

आणि म्यूट केल्यावर 折叠该聊天 नावाचं नवीन बटण उगवेल, 折叠 म्हणजे घडी घालणं. ते चालू केलं तर ग्रुप यादीतून 折叠的群聊 नावाच्या ओळीत जातो आणि माणसाला वाटतं ग्रुपच गेला, तेव्हा वर्गाच्या ग्रुपला ते लावू नका.