भूगोल चाचणीचा संविधान तक्ता

२० गुणांच्या चाचणीचा संविधान तक्ता कसा करू? सगळे प्रश्न पाठांतराचेच होतात.

गुण तासिकांवरून पाडा. तीन घटकांना ६, ६, ३ तासिका लागल्या असतील, तर गुण ८, ८, ४. प्रकारांना स्मरण ८, उपयोजन ८, विश्लेषण ४ द्या. विश्लेषण आधी भरा, नाहीतर तेच राहून जातं. ते चारही गुण भरती-ओहोटी या ८ गुणांच्या घटकाला दिले, तर तिथले उरलेले चार स्मरण-उपयोजनात २-२ वाटा. प्रत्येक चौकोन भरायलाच हवा असं नाही.

खरी गफलत प्रश्नाचा प्रकार ठरवताना होते. ‘भरतीची कारणे लिहा’ हे स्मरणच. ‘दाभोळ खाडीत आज सकाळी ६ ला भरती, उद्या सकाळी साधारण केव्हा?’ हे उपयोजन, उत्तर ६.५० च्या आसपास. पंधरवड्याच्या भरतीच्या उंचीच्या तक्त्यावरून उधाणाचे दिवस ओळखून कारण देणं, हे विश्लेषण. पण तोच उंचीचा तक्ता वर्गात सोडवून घेतला असेल, तर मुलं आठवूनच लिहितात.