मला मायग्रेन आहे. सिगारेट सोडून दहा दिवस झाले, तर डोकं जास्तच दुखतंय. एक ओढली की उतरतं. असं का?

एका सिगारेटने उतरतं, म्हणजे त्या दुखण्यात मायग्रेनइतकाच निकोटीनच्या तुटीचाही हात असणार. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सोडण्याआधी सकाळी उठल्यावर डोकं जड आणि पहिल्या सिगारेटनंतर हलकं, असं व्हायचं का? मग ती रात्रभराची तूट होती. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. मधे एखादी ओढलीत की हे सगळं लांबतं.

पण दहाव्या दिवशी दुखणं वाढतच असेल, तर मी आधी विचारेन, दिवसाला कॉफी किती होते? तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचं समुपदेशन हे माझं काम आहे, आणि ही गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते. सिगारेटच्या धुरातली रसायनं (निकोटीन नव्हे, धूर) यकृतातल्या एका एन्झाइमला जास्त कामाला लावतात. कॅफीनचा निचरा तेच एन्झाइम करतं. धूर बंद झाला की काही दिवसांत त्याचा वेग उतरतो आणि नेहमीच्याच कपांत रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ दिवसाला पाच कप घ्यायचे, शेवटचा रात्री जेवणानंतर. सिगारेट सोडल्यावर छातीत धडधड, रात्री दोनपर्यंत टक्क जागे आणि सकाळी मायग्रेन. खापर अर्थातच सिगारेट सोडण्यावर! कॉफी एकदम तोडली असती तर त्यानेही डोकं धरलं असतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर आणलं, दुसरा दुपारच्या आत. निकोटीनचा पॅच ते रात्रीही लावून झोपत. त्यानेही झोप मोडते आणि डोकं दुखू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून तो झोपताना काढायला लावला. झोप लागायला लागली तशी सकाळची डोकेदुखीही विरळ झाली.

या दिवसांत गोळ्यांचा हिशोब मात्र ठेवा. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस किंवा ट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधं आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या दहा दिवस, असं काही महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. कॅलेंडरवर खूण करत गेलात तर लगेच दिसेल.

तंबाखू सोडल्याने मायग्रेन मुळापासून जात नाही, प्रवृत्ती राहतेच. मात्र झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा चकाकी येत असेल, तर सिगारेटने पक्षाघाताचा धोका आणखी वाढतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सोबत असतील तर फारच. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना या रेघा-चकाकी आणि सिगारेट, दोन्ही गोष्टी सांगा. अचानक, क्षणात शिगेला पोचणारं दुखणं, बोलण्यात अडखळ किंवा एका बाजूला बळ कमी वाटलं, तर चार आठवडे वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.