स्क्वेअर वेव्हचे सहगुणक 1/n नेच का उतरतात?

प्रश्न: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्क्वेअर वेव्हची फूरिए सिरीज पाठ आहे, पण सहगुणक 4/π, 4/3π, 4/5π असेच का कमी होत जातात? आणि सम हार्मोनिक जातात कुठे? इंटिग्रेशन करता येतं, पण आतून कळत नाही.

इंटिग्रेशन बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. लाट 0 ते π मध्ये +1 आहे, π ते 2π मध्ये −1 आहे. फक्त पहिला अर्धा भाग काढा. दुसऱ्या अर्ध्यात लाटही उलटी होते आणि साइनही उलटी चालते, त्यामुळे गुणाकाराचं क्षेत्रफळ पुन्हा तेवढंच येतं. ते शेवटी दुप्पट करू.

सहगुणक काढायचा म्हणजे लाटेला sin(nx) ने गुणायचं आणि खालचं क्षेत्रफळ मोजायचं. पण या अर्ध्या भागात लाट 1 आहे. 1 ने गुणून काहीच बदलत नाही. म्हणजे मोजायचं ते फक्त sin(nx) चं 0 ते π मधलं क्षेत्रफळ.

n=1 ला या जागेत साइनची एक पूर्ण कमान बसते. तिचं क्षेत्रफळ 2.

n=2 ला एक कमान वर आणि तेवढीच एक वाटी खाली. बेरीज शून्य. तुमचा दुसरा हार्मोनिक इथेच गेला. चौथ्याला दोन कमानी, दोन वाट्या, पुन्हा शून्य. सम हार्मोनिक म्हणजे जोड्या पूर्ण लागणं, बाकी काही नाही.

आता n=3. कमान, वाटी, कमान. कमान आणि वाटी एकमेकींना खातात, एक कमान उरते. ही उरलेली कमान पहिल्या कमानीएवढीच उंच आहे, पण रुंदी π च्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. उंची तीच, रुंदी एक तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळ 2/3. n=5 ला पाच तुकडे पडतात, चार जोडीने जातात, उरलेल्या एका कमानीचं क्षेत्रफळ 2/5. n कितीही मोठा असो, विषम असेल तर उरते एकच कमान, आणि ती n पट अरुंद असते. 1/n येतो तो इथून. दुप्पट करून π ने भागा:

```
b_n = 4/(πn)     n = 1, 3, 5, ...
```

आकडे असे येतात: 1.273, 0.424, 0.255, 0.182. पहिलाच आकडा 1 पेक्षा मोठा बघून बरेच जण बिचकतात. लाटेच्या मधोमध, x=π/2 ला, उभे राहून बघा. तिथे पहिला हार्मोनिक 1.273 वर असतो, तिसरा त्याला खाली ओढतो आणि 0.849 होतं, पाचवा वर ढकलतो आणि 1.103, सातवा पुन्हा खाली आणतो, 0.922. असं वरखाली होत 1 कडे सरकतं. म्हणजे 1 − 1/3 + 1/5 − 1/7 … ही बेरीज π/4 आहे, तीच जी केरळच्या गणित-परंपरेत माधवाच्या नावाने ओळखली जाते. किती सावकाश सरकते तेही इथेच दिसतं.

पण कमानीचं चित्र इथे सोडू नका, कारण खरा मुद्दा पुढे आहे. ती एक कमान उरलीच का? कारण लाट π ला आल्यावर एकदम उलटली. मध्ये कुठे हळूहळू शून्याकडे गेली असती, तर टोकाजवळची कमान आधीच बारीक झाली असती आणि शिल्लक कमी राहिली असती. ट्रँगल वेव्ह असंच करते. ती कुठेही उडी घेत नाही, फक्त तिचा उतार एकदम बदलतो. तिचा उतार म्हणजेच एक स्क्वेअर वेव्ह. त्यामुळे ट्रँगल मिळवायची तर स्क्वेअर वेव्हचं प्रत्येक पद इंटिग्रेट करायचं. sin(nx) इंटिग्रेट केलं की −cos(nx)/n, म्हणजे आणखी एक n खाली येतो. तिसरा हार्मोनिक एक तृतीयांशाऐवजी एक नवमांश, पाचवा एक पंचविसांश. थोडक्यात, मूल्यात उडी असेल तर 1/n, फक्त उतारात उडी असेल तर 1/n². फंक्शन जनरेटर स्पीकरला जोडून 200 Hz वर ट्रँगलवरून स्क्वेअरवर जा. आवाज एकदम कर्कश होतो, ट्रँगल मात्र बरीच मऊ ऐकू येते. हा n आणि n² मधला फरक कानाला थेट कळतो, प्रयोगशाळेत हे जरूर करून बघा.

1/n हा उतार इतका मंद आहे की त्याची किंमत मोजावी लागते. 1 + 1/3 + 1/5 … ही बेरीज कुठेच थांबत नाही. त्यामुळे काही पदं घेऊन लाट उभी केली की कडेपाशी एक शिंग उरतंच. पाच पदांना (नवव्या हार्मोनिकपर्यंत) शिंगाचं टोक 1.182 वर येतं. पदं वाढवत जा, शिंग कडेला चिकटत जाईल आणि अरुंद होईल, पण टोक 1.179 च्या आसपासच राहील. उडी 2 ची धरली तर हे साधारण 9 टक्के. हेनरी विल्ब्रहम यांनी हे 1848 मध्येच लिहून ठेवलं होतं. नाव मात्र गिब्जचं राहिलं, 1899 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या पत्रामुळे. सिम्युलेशनमध्ये हे शिंग दिसलं की ‘पदं कमी पडली’ असं समजू नका. पदं वाढवून ते जाणार नाही.

आता हे ऑसिलोस्कोपवर कसं तपासायचं ते. 1 kHz ची स्क्वेअर वेव्ह द्या आणि एफएफटी लावा. पहिल्या हार्मोनिकच्या तुलनेत 3 kHz ला 9.5 dB खाली, 5 kHz ला 14 dB, 7 kHz ला 16.9 dB असायला हवं. एकदा आमच्या प्रयोगशाळेत 2 kHz ला सुद्धा एक काटा उभा होता, साधारण 24 dB खाली. सगळ्यांनी प्रोबकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात जनरेटरवरचा ड्युटी सायकलचा नॉब किंचित सरकला होता, 50 ऐवजी 48 टक्के. दोन अर्धे सारखे राहिले नाहीत, म्हणून दुसऱ्या हार्मोनिकची कमान आणि वाटी एकमेकींना पूर्ण खाऊ शकल्या नाहीत. अशा वेळी सहगुणक sin(nπD)/n च्या प्रमाणात असतात. D=0.48 घालून दुसऱ्याला पहिल्याने भागा, 0.063 येतं, म्हणजे तेच 24 dB. सम हार्मोनिक दिसले की आधी नॉब बघा.

आणि वरच्या टोकाला 1/n कायम टिकत नाही, कारण खऱ्या लाटेत उभी उडी कधीच नसते. कडा चढायला 1 मायक्रोसेकंद लागत असेल तर 1/(π × 1 µs), म्हणजे साधारण 318 kHz च्या पुढे सहगुणक 1/n² ने उतरू लागतात. आलेखावर उतार 20 dB प्रति दशकवरून 40 वर जातो. तो वळण्याचा बिंदू वाचला की कडा किती वेगाने चढते ते कडा मोठी करून न बघताही काढता येतं.