लग्न किंवा सणाच्या गर्दीत घरच्यांना हमखास न जमणारं असं कुठलं छोटं काम आहे, ज्याची सर्व्हिस सुरू करता येईल?

बाहेरगावच्या पाहुण्यांना आणणं आणि परत सोडणं. मी गेली काही वर्षं हेच करतोय. डेकोरेशन-केटरिंगवाले ढीगभर आहेत, पण या कामाला घरात कोणी वालीच नसतो. चुलतभाऊ म्हणतो मी बघतो आणि ऐन दिवशी तो स्वतःच तयार होत बसलेला असतो, फोन सायलेंटवर.

कामाचा जीव एका शीटमध्ये असतो. नाव, किती जण, प्रवासात सोबत असलेला मोबाईल नंबर (घरच्या लँडलाईनचा नाही, हे पण सांगावं लागतं), गाडीचा किंवा फ्लाईटचा नंबर, कुठे उतरणार, सामान किती, व्हीलचेअर लागणार का, आणि परतीचं तिकीट. साधारण दहा दिवस आधी माहिती मागवायची आणि चार दिवस आधी शीट लॉक, नंतर फक्त बदल घ्यायचे.

वेळ तोंडी विचारायची नाही, तिकिटाचा फोटोच मागवायचा. हे मी मार खाऊन शिकलो. एका मावशींनी सांगितलं, "१४ ला रात्री बारा दहाची फ्लाईट आहे." आम्ही १४ ची रात्र धरली. तिकिटावर होतं १४ तारीख, ००:१०, म्हणजे १३ च्या रात्री बारा वाजून गेल्यावर लगेच. मावशी बाहेर येऊन उभ्या आणि आमच्या हिशोबात त्या अजून चोवीस तासांनी येणार होत्या! आता मध्यरात्री ते पहाटे चारपर्यंतची प्रत्येक एंट्री मी लाल करतो आणि फोन करून विचारतो, "घरातून कोणत्या वारी निघणार?" वार विचारला की घोळ लगेच कळतो, तारखेने कळत नाही.

मग गाड्या. इथे घरचे लोक सीट मोजतात आणि फसतात. सात सीटर म्हणजे सात पाहुणे नव्हे, मागची सीट उघडली की डिकी जवळपास संपते, त्यामुळे बॅगा असतील तर मी चारच धरतो.

एक उदाहरण सांगतो. ५८ पाहुणे बाहेरून येणार होते, त्यातले ३१ एकाच सकाळी नऊ ते बारामध्ये, सगळे विमानाने. घरच्यांनी चार गाड्या दिवसभरासाठी ठरवल्या होत्या. मी शीट वेळेप्रमाणे लावली तर दहाच्या आसपास पाऊण तासात उतरणारे १७ जण निघाले, त्यांना एक मिनीबस. नऊच्या सुमाराचे ८ जण दोन गाड्यांत. हॉल ५० मिनिटांवर होता, त्या गाड्या साडेनऊला निघाल्या, दहा वीसच्या आसपास पोचल्या, सामान उतरवून साडेअकराच्या आत परत हजर, उरलेल्या ६ जणांसाठी. म्हणजे दोन गाड्या आणि एक मिनीबस तीही अर्धा दिवस, बस्स. फक्त एक लक्षात ठेवा, विमान उतरल्याची वेळ म्हणजे माणूस बाहेर आल्याची वेळ नाही, बॅगा येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि परदेशातून येत असेल तर आणखी. ट्रेनचं उलट, माणूस लगेच प्लॅटफॉर्मवर उभा असतो, ड्रायव्हर आधी पोचलेला हवा.

येणं तरी सोपं, खरी बोंब जाताना. कार्यक्रम झाला की घरचे झोपेत आणि सगळ्यांना एकदम निघायचं असतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक रूमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवतो, खाली किती वाजता यायचं आणि ड्रायव्हरचा नंबर. मेसेज लोक वाचत नाहीत, चिठ्ठी वाचतात. वेळ मागे मोजत जायचं: फ्लाईट सकाळी नऊची, दोन तास आधी पोचायचं म्हणजे सात, रस्त्याची ५० मिनिटं आणि वर वीस मिनिटं जादा, म्हणजे निघायचं पाच पन्नासला. चिठ्ठीवर मी पाच पस्तीस लिहितो, कारण कोणीतरी चार्जर विसरून परत वर जातंच.

पैसे मी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या डोक्यामागे घेतो, आणि गाड्यांचं बिल घरच्यांनी थेट गाडीवाल्याला द्यायचं, मी मध्ये नसतो. नाहीतर गाडी उशिरा आली तरी आणि ट्रॅफिक लागलं तरी भांडण माझ्याशीच. घरातला एकच माणूस निर्णयासाठी मागून घ्यायचा, कोणाला कुठली रूम, कोणाला वेगळी गाडी हे त्याने ठरवायचं. एकदा मी माझ्या मनाने दोन भावांच्या कुटुंबांना एका गाडीत बसवलं, त्यांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं हे मला कोण सांगणार! ५० मिनिटं ड्रायव्हरने एकट्याने रेडिओ ऐकला.