आमचा छोटा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आहे. डिस्कॉर्डवर रोज ढीगभर तक्रारी येतात. त्यातून नीट बग रिपोर्ट कसे काढायचे आणि आधी काय हातात घ्यायचं?

आधी बग जनरल चॅटमधून बाहेर काढा. तिथली तक्रार तासाभरात वर सरकते आणि मग कुणालाच सापडत नाही. डिस्कॉर्डमध्ये फोरम चॅनल असतो, त्यात प्रत्येक तक्रारीची वेगळी पोस्ट होते. टॅग निवडल्याशिवाय पोस्ट टाकताच येऊ नये, अशी सेटिंग त्यात आहे. ती चालू करा. ‘माहिती हवी’, ‘पक्का बग’, ‘दुरुस्त’ हे टॅग मात्र फक्त मॉडरेटरच्या हातात ठेवा. टॅग वीसपर्यंत करता येतात, पण सहा-सातच्या वर गेलात की लोक पहिला दिसेल तो लावून मोकळे होतात.

लांबलचक फॉर्म कुणी भरत नाही. तीनच गोष्टी मागा: बिल्ड नंबर, गडबड होण्याच्या आधी काय करत होता, आणि लॉग फाइल. बिल्ड नंबर गेममध्येच कोपऱ्यात दाखवलात तर तो स्क्रीनशॉटमधून आपोआप येतो, विचारावाही लागत नाही.

लॉगचं महत्त्व एका उदाहरणातून सांगतो. आमच्याकडे काही जणांनी लिहिलं, ‘सेव्ह उडाली, सगळी मेहनत पाण्यात.’ एवढ्यावर प्रोग्रामर काहीच करू शकत नाही. म्हणून प्रत्येकाला एकच विचारलं: त्याआधी गेम बंद कसा केला होता? एकाने Alt+F4 दाबलं होतं, दुसऱ्याचा पीसी अडकला म्हणून त्याने थेट पॉवर बटण दाबलं होतं. मग लॉग मागवले. गेम युनिटीतला, त्यामुळे विंडोजवर ते इथे सापडतात (कंपनी आणि गेमच्या नावाच्या जागी तुमची नावं):

```
%USERPROFILE%\AppData\LocalLow\कंपनी\गेम\Player.log
%USERPROFILE%\AppData\LocalLow\कंपनी\गेम\Player-prev.log
```

इथे एक मेख आहे. गेम पुन्हा उघडला की जुना लॉग `Player-prev.log` होतो, आणि आणखी एकदा उघडला की तोही जातो. म्हणजे ‘पुन्हा चालू करून बघतो’ म्हणणारा खेळाडू नकळत पुरावा पुसत असतो. ‘गेम उघडण्याआधी दोन्ही फाइली कॉपी करून ठेवा’ ही ओळ म्हणूनच आम्ही चॅनलच्या सूचनांमध्ये सर्वात वर ठेवली आहे.

लॉगमध्ये ऑटोसेव्ह सुरू झाल्याची ओळ होती, संपल्याची नव्हती. सेव्ह फाइल 0 KB. गेम जुन्याच फाइलवर लिहीत होता; उघडताक्षणी ती रिकामी व्हायची आणि लिहून होण्याआधी गेम मेला की रिकामीच राहायची. जग जितकं मोठं तितका लिहायला वेळ जास्त, म्हणून जास्त खेळलेल्यांनाच फटका बसत होता. ट्रॅकरमध्ये शीर्षक गेलं ते असं: ‘ऑटोसेव्हचं चिन्ह फिरत असताना गेम बंद केल्यास सेव्ह 0 KB होते’. टास्क मॅनेजरमधून गेम बंद करून कुणीही ते पडताळून पाहू शकत होतं. उपाय सरळ होता: आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचं, मग नाव बदलायचं, आणि जुनी प्रत बॅकअप म्हणून ठेवायची.

‘सेव्ह उडाली’ म्हणणारा आणखी एक जण होता, पण तो दोन कॉम्प्युटरवर खेळायचा आणि क्लाउडच्या खिडकीत त्याने जुनी प्रत निवडली होती. तक्रार तीच, कारण वेगळं. त्यामुळे नुसते शब्द जुळतात म्हणून पोस्ट एकत्र करू नका. लॉग जुळला तरच करा.

आता आधी काय घ्यायचं? इमोजींची मतं मोजून ठरवू नका. आमच्याकडे घोड्याच्या मागणीला अंगठेच अंगठे होते, सेव्हच्या बगला मोजके. मी तीन प्रश्न विचारतो: खेळाडूचं काय जातं, त्याला वळसा घालून पुढे जाता येतं का, आणि गेमच्या त्या टप्प्यापर्यंत किती जण पोचतात. सेव्ह जात असेल तर बाकी सगळं थांबवायचं.

तिसरा प्रश्न डिस्कॉर्डवर हमखास फसवतो, कारण तिथे बोलणारे बहुतेक जण मुरलेले असतात. पहिल्या दहा मिनिटांत अडकलेला नवखा तुमच्या सर्व्हरवर येतच नाही. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर तो पैसे परत घेतो आणि विषय संपतो. म्हणून ट्युटोरियलमधल्या बगची एकच तक्रार आली तरी मी ती शेवटच्या बॉसबद्दलच्या दहा तक्रारींच्या वर ठेवतो.

‘धनुष्याचा मार वाढवा’ छापाच्या मागण्या बग चॅनलमध्ये ठेवू नका, पण उडवूनही लावू नका. ‘कुठल्या लढाईत कमी पडलं?’ असं विचारा. बऱ्याचदा मार ठीक असतो, बाण नेम चुकून भलतीकडे लागत असतो, आणि तो बगच असतो.

दुरुस्ती झाली की त्याच पोस्टमध्ये बिल्ड नंबर लिहा, आणि ज्याने तक्रार केली त्यालाच स्टीमच्या बीटा ब्रँचवर तपासायला सांगा. त्याने ‘आता होत नाही’ म्हटल्यावरच पोस्ट बंद करा.